तिन्ही पॉइंट टाकले, तिन्हीला झिरो आला, तरी सर्कलचं उत्तर चुकलंच? मग हे वाचा

गेल्या आठवड्यात परत तेच झालं. राजारामपुरीत माझ्याकडं अकरावी सायन्सची संध्याकाळची बॅच असते, त्यातली एक मुलगी वही घेऊन आली, चेहरा एवढासा झालेला. "सर, मी चेक केलंय की ओ, तिन्ही पॉइंट टाकून बघितलेत, तिन्हीला झिरो येतोय, आणि तरी मागच्या उत्तराशी जुळंना झालंय." दरवर्षी सर्कलचा चॅप्टर सुरू झाला की हे वाक्य दोन-तीन जणांकडनं तरी ऐकायला मिळतंच. पोरं चेक करत नाहीत असं नाही, चेक करतात, पण चेक कुठल्या पॉइंटनं करायचा आणि कुठल्या इक्वेशनवर करायचा तिथं गडबड होते, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून टाकू.

गणित असं होतं. A(6, 3), B(-1, 2) आणि C(0, -5) या तीन बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं समीकरण काढा. तिचं उत्तर आलेलं

x² + y² - 5x - 5y = 0

दिसायला किती छान उत्तर आहे बघा, अपूर्णांक नाही, c तर चक्क शून्य. असं गोंडस उत्तर आलं की कुणालाही वाटणार बरोबरच आहे. मी A टाकून बघितला, 36 + 9 - 30 - 15 = 0, बरोबर. B टाकला, 1 + 4 + 5 - 10 = 0, हेही बरोबर. तिच्या वहीत तिसऱ्या पॉइंटचंही लिहिलेलं होतं, 0 + 25 - 0 - 25 = 0. आता खरा C आहे (0, -5), तो टाकला तर 0 + 25 - 0 + 25 म्हणजे ५० यायला पाहिजे, मग हिला झिरो कुठनं आला? वहीचं आधीचं पान उलटलं तेव्हा दिसलं, गणित उतरवून घेतानाच तिनं C(0, 5) लिहिलेलं, छापलेला मायनस वहीत आलाच नव्हता. पुढचं सगळं सोडवणं त्या (0, 5) वर झालं, आणि चेक पण त्याच (0, 5) वर झाला.

हे नीट समजून घ्या, कारण या एका गोष्टीवर अख्खा चेक अवलंबून आहे. आपण ज्या आकड्यांवरनं उत्तर काढलं तेच आकडे परत टाकले तर फक्त एवढंच कळतं की मधली बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. गणित नीट उतरवलंय का ते त्यातनं कधीच कळणार नाही. म्हणून माझ्या बॅचला मी सांगून ठेवलंय, चेक करताना वही झाकायची, पुस्तक किंवा पेपर समोर घ्यायचा, छापलेल्या पॉइंटवर बोट ठेवायचं आणि तिथनं थेट शेवटच्या ओळीत टाकायचं. शेवटच्या ओळीत म्हणजे शेवटच्याच, जी उत्तर म्हणून चौकटीत लिहिलीय तिच्यात. मधल्या 12g + 6f + c = -45 असल्या ओळीत नाही, कारण g, f, c बरोबर काढून शेवटी लिहिताना चुकणारी पोरं मी कमी बघितलेली नाहीत.

आता दुसरा प्रश्न तिनंच विचारला आणि चांगला विचारला. "सर, उत्तर पूर्ण चुकीचं आहे तर मग A आणि B का बसले?" तर कारण असं की दोन बिंदूंतून एक नाही, हवी तेवढी वर्तुळं जातात. A आणि B जोडा, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढा, त्या लंबदुभाजकावर कुठंही कंपासचं टोक ठेवा आणि A पर्यंत उघडा, वर्तुळ B मधनं जाणारच. हिच्या चुकीच्या वर्तुळाचं केंद्र (2.5, 2.5) आलेलं, म्हणजे बरोबर AB चा मध्यबिंदू. खऱ्या वर्तुळाचं केंद्र आहे (3, -1), तेही त्याच लंबदुभाजकावर. दोन्ही वर्तुळं A आणि B शी भेटतात आणि तिथनं पुढं आपापल्या वाटेनं जातात. म्हणजे दोन पॉइंट बसले याचा अर्थ अजून काहीच ठरलेलं नाही. तिसरा बसला की मात्र ठरलं, कारण दोन वेगळी वर्तुळं एकमेकांना जास्तीत जास्त दोनच ठिकाणी छेदतात, तीन ठिकाणी नाही. तेव्हा छापलेले तिन्ही पॉइंट बसले, आणि इक्वेशनमध्ये x² आणि y² चे सहगुणक सारखे आहेत, xy चं पद नाही, तर उत्तर तेच, दुसरं असूच शकत नाही, डोळे झाकून पुढच्या गणिताला जायचं.

बरोबर C घेऊन तिनं तिथंच परत सोडवलं. A मधनं 12g + 6f + c = -45, B मधनं -2g + 4f + c = -5, C मधनं -10f + c = -25. पहिल्यातनं दुसरं वजा केलं की 7g + f = -20, दुसऱ्यातनं तिसरं वजा केलं की -g + 7f = 10, त्यावरनं f = 1, g = -3, c = -15. म्हणजे

x² + y² - 6x + 2y - 15 = 0

A टाका, 36 + 9 - 36 + 6 - 15 = 0. B टाका, 1 + 4 + 6 + 4 - 15 = 0. C टाका, 0 + 25 - 0 - 10 - 15 = 0. झालं. (आणि मागं उत्तर (x - 3)² + (y + 1)² = 25 असं छापलेलं असलं तर घाबरायचं नाही, कंस सोडवले की हेच निघतं. अख्ख्या समीकरणाला २ नं गुणून लिहिलं असलं तरी झिरो तो झिरोच येतो.)

आता मला जे खरं सांगायचंय ते. झिरो आला नाही की बहुतेक पोरं सगळं खोडतात आणि पहिल्यापासनं सुरू करतात. असं करू नका. झिरोच्या जागी जो आकडा आला तो फेकून देण्यासारखा नाही, चूक कुठं झाली ते तोच सांगतो. तिन्ही पॉइंटला काय-काय उरलं ते शेजारी शेजारी लिहा आणि दहा सेकंद बघा.

समजा c ची साइन चुकली आणि तुम्ही x² + y² - 6x + 2y + 15 = 0 लिहिलं. A ला ३० उरतात, B ला ३०, C लाही ३०. तिन्हीकडं सारखाच आकडा, कारण c ला x-y शी काही देणंघेणं नाही, तो सगळीकडं तेवढाच वाढतो. तिन्ही सारखे दिसले की फक्त c बघायचा, आणि ३० म्हणजे १५ ची दुप्पट, तेव्हा साइनच उलटी पडलीय हे पण त्यातच कळलं. हे बहुतेक c = g² + f² - r² काढताना उलटं वजा केल्यामुळं होतं, १० वजा २५ च्या जागी २५ वजा १०.

समजा x च्या पदाची साइन चुकली, +6x लिहिलं. आता A ला ७२ उरतात, B ला -१२, C ला शून्य. दिसायला काही मेळ नाही, पण प्रत्येकाला त्या पॉइंटच्या x नं भागा. ७२ भागिले ६ म्हणजे १२, -१२ भागिले -१ म्हणजे १२, आणि C चा x शून्यच असल्यामुळं त्याला चूक दिसलीच नाही, तो बिनबोभाट पास झाला. भागाकार सारखा आला म्हणजे चूक x च्या पदात, आणि १२ ही ६ ची दुप्पट म्हणून परत साइनचीच. y च्या पदाचं पण असंच, तिथं y नं भागायचं. यातनं आणखी एक गोष्ट दिसते, ज्या पॉइंटमध्ये शून्य आहे तो टाकायला सोपा म्हणून पोरं तेवढाच टाकून बघतात, पण तो निम्म्या चुका पकडतच नाही. C एकटा टाकून समाधान मानलं असतं तर +6x वालं चुकीचं समीकरण आरामात सुटलं असतं.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होणारी. g = -3, f = 1 बरोबर काढलं आणि लिहिताना 2gx, 2fy मधला २ विसरला, x² + y² - 3x + y - 15 = 0. इथं A ला १५ उरतात, B ला -५, C ला ५. सारखे नाहीत, x नं भागून जमत नाही, y नं भागून जमत नाही. दोन ठिकाणी एकदम चूक असली की असं होतं, आणि अशा वेळी उरलेल्या आकड्यांवरनं फार डोकं चालवण्यात अर्थ नसतो. फक्त x आणि y चे सहगुणक दुप्पट करून एकदा टाकून बघायचं, बसलं तर २ विसरला होता, नाही बसलं तर मग खरंच परत सोडवायला घ्यायचं.

आणि एक उलटा प्रकार. उत्तर बरोबर, चेकच चुकलेला. बरोबर समीकरणात B(-1, 2) टाकताना -6x मध्ये x च्या जागी -1 गेला की +६ व्हायला पाहिजे, घाईत -६ लिहिलं जातं, मग 1 + 4 - 6 + 4 - 15 = -12. आता बघा, मघाशी +6x च्या चुकीलाही B ला -१२ च उरलेले. मग ओळखायचं कसं? A कडं बघायचं. x चं पद खरंच चुकलं असतं तर A ला ७२ उरले असते. A शून्य दाखवतोय आणि फक्त B बोंबलतोय, म्हणजे आधी B परत टाका, कंस घालून, 6 च्या पुढं (-1) असं लिहून. तरी नाही बसला, तर मग B चं समीकरण मांडताना काहीतरी झालंय, नाहीतर B उतरवून घेतानाच, त्या मुलीच्या C सारखं. मायनस असलेला पॉइंट कंसाशिवाय टाकायचाच नाही, मी तर फळ्यावरसुद्धा कंस सोडत नाही, वेळ जातो तर जाऊ दे. ज्यांच्याकडं कॅल्क्युलेटर आहे त्यांनी पण, -1² असं दाबलं की बऱ्याच कॅल्क्युलेटरवर -1 येतो, (-1)² दाबलं की 1.

केंद्राबद्दल एक ओळ, कारण काही जण केंद्र टाकून बघतात आणि झिरो आला नाही म्हणून घाबरतात. केंद्र वर्तुळावर नसतंच, झिरो कसा येईल. (3, -1) टाकला की 9 + 1 - 18 - 2 - 15 = -25 येतात, म्हणजे त्रिज्येचा वर्ग मायनस लावून. तुमची त्रिज्या ५ आलीय आणि केंद्र टाकल्यावर -२५ आले नाहीत, तर केंद्र, त्रिज्या आणि समीकरण तिन्हींपैकी काहीतरी चुकलंय हे नक्की.

आता लोकसकडं येऊ. तिथली अडचण वेगळी आहे आणि मला जास्त वाईट तिचंच वाटतं, कारण तिथं पोरं बरोबर आलेलं उत्तर स्वतःच्या हातानं खोडतात. त्याच बॅचमधल्या एका मुलानं चाचणीत अगदी बरोबर उत्तर काढलेलं, चेक केलं, बसलं नाही, त्यावर काट मारली आणि खाली काहीतरी ओढूनताणून बसवलेलं लिहिलं. गणित असं, A(1, 2) आणि B(4, 2), PA = 2PB होईल असा P फिरतो, तर P चा बिंदुपथ काढा. त्यानं केलं

(x - 1)² + (y - 2)² = 4[(x - 4)² + (y - 2)²]

आणि सोडवून

x² + y² - 10x - 4y + 25 = 0

हे शंभर टक्के बरोबर आहे. मग त्यानं सर्कलच्या सवयीनं A टाकला, 1 + 4 - 10 - 8 + 25 = 12. B टाकला, 16 + 4 - 40 - 8 + 25 = -3. दोन्ही बसेनात, म्हणून काट. मी विचारलं, "अरे, A का बसावा?" तर म्हणाला, "सर, गणितात दिलेला पॉइंट हाय की."

इथंच थांबून विचार करायचा. सर्कलच्या गणितात "A, B, C मधून जाणारं" असं स्पष्ट म्हटलेलं असतं, म्हणून ते बसलेच पाहिजेत. लोकसमध्ये A आणि B हे नुसते खुंटे आहेत, P त्यांच्याकडनं अंतर मोजत फिरतोय, त्यांच्यावरनं जाईलच असं कुणी म्हटलेलं नाही. जुन्या गुऱ्हाळात घाण्याला बैल जुंपलेला असायचा, तो गोल फिरायचा, घाणा मध्ये असायचा, बैलाच्या वाटेवर कधी घाणा येतो का? तेव्हा पॉइंट टाकायच्या आधी अट त्याच्यावर लावून बघा. P ला A वर ठेवला तर PA = 0 आणि 2PB = 6, अट मोडली. B वर ठेवला तर PA = 3 आणि 2PB = 0, तिथंही मोडली. म्हणजे दोघांनाही झिरो यायलाच नको, आणि आला असता तर उलट तेव्हा काळजी करायला पाहिजे होती. PA = PB च्या गणितात पण तसंच, लंबदुभाजकावर A पण नसतो आणि B पण नसतो.

मग चेक कशानं करायचा? अट पाळणारा पॉइंट आपणच शोधायचा. A आणि B दोन्हींचा y दोनच आहे, रेषा आडवी आहे, बघताक्षणी दिसतंय की (3, 2) पासून A दोन अंतरावर आणि B एक अंतरावर, अट पाळली. B च्या पलीकडं (7, 2) पासून A सहा, B तीन, अट पाळली. आता टाका. 9 + 4 - 30 - 8 + 25 = 0. आणि 49 + 4 - 70 - 8 + 25 = 0. दोन्ही बसले. रेषा तिरकी असली तर विभाजन सूत्रानं आतला आणि बाहेरचा बिंदू काढायचा, गुणोत्तर २ : १, तेवढंच काम.

एक लक्षात ठेवा, हा पॉइंट शोधताना अट अंतराची वापरायची, वर्गाची नाही. या गणितातली नेहमीची चूक म्हणजे वर्ग करताना २ चा ४ करायचा राहतो आणि PA² = 2PB² होतं. त्यातनं x² + y² - 14x - 4y + 35 = 0 येतं, ते (3, 2) टाकल्यावर -२ दाखवून लगेच पकडलं जातं. पण पॉइंटसुद्धा तुम्ही त्या चुकलेल्या वर्गाच्या ओळीवरनं शोधलात तर सगळं गोडीगुलाबीनं बसणार, वर (0, 5) चं झालं तेच परत.

(3, 2) आणि (7, 2) बसले म्हणून तिथंच मात्र थांबायचं नाही. ते दोन्ही AB च्याच रेषेवर आहेत, दोन्हीकडं y = 2, त्यामुळं (y - 2)² दोन्हीकडं शून्य होऊन जातं. म्हणजे y च्या भागाची परीक्षा अजून झालेलीच नाही. कुणी ४ नं फक्त x चा कंस गुणला आणि y चा तसाच सोडला, तर दोन्हीकडचे (y - 2)² कटून 3x² - 30x + 63 = 0 उरतं, y गायबच, आणि (3, 2) पण बसतो, (7, 2) पण बसतो. म्हणून तिसरा पॉइंट रेषेच्या बाहेरचा पाहिजे. तो अटीवरनं शोधणं जरा अवघड जातं, तेव्हा उलट्या दिशेनं जायचं, उत्तरातनं पॉइंट काढायचा आणि अटीत टाकायचा. आपल्या उत्तरात x = 5 ठेवा, 25 + y² - 50 - 4y + 25 = 0, म्हणजे y² - 4y = 0, y शून्य किंवा चार. (5, 4) घ्या. PA मोजा, आडवं ४ आणि उभं २, √20. PB मोजा, आडवं १ आणि उभं २, √5. √20 म्हणजे 2√5, अट बरोबर बसली. आता कुठंही शंका उरत नाही.

x किती ठेवायचा हे कसं कळणार असं विचारतात. केंद्राचा x ठेवा, इथं ५, मग वर्तुळाचा वरचा आणि खालचा टोकाचा पॉइंट मिळतो आणि त्रिज्या पूर्णांक असली की आकडे सोपे येतात.

सीईटीला हेच उलट्या बाजूनं वापरता येतं. गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. लोकसचा प्रश्न असला आणि अट पाळणारा एक पॉइंट पटकन दिसत असला, तर सोडवत बसू नका, चारही पर्यायांत टाका. दोन पर्याय बसले तर दुसरा पॉइंट टाका, पण तो पहिल्यासारखाच रेषेवरचा घेऊ नका, कारण तर वर सांगितलंच. बोर्डाच्या पेपरला मात्र असं चालणार नाही, तिथं स्टेप्सना मार्क असतात, तिथं हा फक्त शेवटचा चेक.

जाता जाता त्या पहिल्या गणितातली एक गंमत, कारण ती त्या मुलीनंच शोधली. बरोबर उत्तर आल्यावर मी तिला कच्ची आकृती काढायला लावली, तिनं केंद्र (3, -1) मांडलं, A आणि C मांडले आणि म्हणाली, "सर, हे केंद्र तर AC च्या मधोमधच आलंय की." खरंच, (6, 3) आणि (0, -5) चा मध्यबिंदू (3, -1) च. म्हणजे AC व्यास, आणि मग B पाशी काटकोन असायला पाहिजे. BA चा चढ 1/7, BC चा चढ -7, गुणाकार -1. व्यासाच्या सूत्रानं थेट लिहिलं तर (x - 6)(x - 0) + (y - 3)(y + 5) = 0, सोडवा, x² + y² - 6x + 2y - 15 = 0, तेच. पूर्ण वेगळ्या वाटेनं जाऊन तेच समीकरण आलं, यापेक्षा पक्का चेक मला माहीत नाही. तिचं आधीचं x² + y² - 5x - 5y = 0 इथं एका क्षणात पडलं असतं.

फक्त व्यासाचं गणित असलं तर दोन्ही टोकं बसली म्हणून उत्तर बरोबर असं समजू नका, दोन पॉइंटची गोष्ट वर झालीच आहे, तिथं केंद्र मध्यबिंदूवर आहे का ते पण बघावं लागतं. आणि तेच गणित लोकस म्हणून आलं, ∠APC = 90° होईल असा P, तर उत्तर तेच वर्तुळ, A आणि C टाकले की झिरोही येतो, पण या खेपेला प्रकार उलटा आहे. P जर A वरच ठेवला तर AP नावाची बाजूच उरत नाही, मग कोन कुणाकुणातला मोजणार? समीकरण A ला आणि C ला आत घेतं, अट घेत नाही. म्हणून तिथं समीकरण लिहून झालं की खाली "A आणि C हे बिंदू सोडून" एवढे शब्द लिहायचे.